फोनवरचा केळीचा सौदा काट्यावर का फिसकटतो? पहिल्यांदा बाहेरगावी माल देणाऱ्यांसाठी

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळी विकायची पद्धत वडिलांच्या काळी सोपी होती. व्यापारी बागेत यायचा, घडाखाली उभा राहून केळ बोटाने दाबून बघायचा, भरती कशी आहे ते बघायचा. रावेरचा भाव काय निघाला, त्यावर फरक किती, एवढं बोलणं झालं की चहा व्हायचा. दोघांच्या मध्ये घड टांगलेला असायचा आणि काटा समोर असायचा. त्यामुळे कितीतरी गोष्टी बोलाव्याच लागत नसत.

आता आमच्यासारखी पोरं दिल्ली-पंजाबच्या व्यापाऱ्याला किंवा निर्यातदाराला थेट माल देतात. भाव फोनवर ठरतो, बाकीचं ईमेलवर. फोनमध्ये घड दिसत नाही आणि ईमेलमध्ये आवाजही नसतो. यात माझं काय चुकलं ते आधी सांगतो, मग पायऱ्या.

तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. माझ्या बागेतले 600 घड एका दिल्लीच्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरलं. फोनवर भाव ठरला 1,550 रुपये क्विंटल. आमचा हिशेब असा: घड सरासरी 22 किलोचा, म्हणजे 600 घडांचे 132 क्विंटल, म्हणजे 2,04,600 रुपये. गाडी आली, मजूर आले, घड उतरवले. तेव्हा त्याचा माणूस फण्या सोडवून क्रेटमध्ये भरायला लागला आणि वजन फक्त फण्यांचं धरू लागला. घडामागे साधारण दोन किलोचा दांडा बाजूला पडत होता. 600 घडांचे 12 क्विंटल गेले आणि हिशेब 1,86,000 वर आला. म्हणजे 18,600 रुपयांचा फटका.

मला वाटलं, फसवलं. फसवलं नव्हतं. माझ्या डोक्यात दांड्यासकट घड होता, कारण आजवर तसंच दिलं होतं. त्याच्या डोक्यात फणी होती, कारण तो तशीच विकत होता. वीस मिनिटांच्या फोनमध्ये ‘दांडा’ हा शब्द एकदाही आला नाही. बागेत उभे असतो तर पहिला घड उतरताच दोघांच्याही लक्षात आलं असतं.

आधी हाताशी काय ठेवायचं

- बागेची साधी माहिती: नवती की पिलबाग, मृगबाग की कांदेबाग, लागण कधीची, किती घड, कापणी कधी.
- स्वतः तोलून काढलेली सरासरी: दहा घड दांड्यासकट तोला, मग फण्या काढून तोला. अर्धा तास लागतो.
- त्या दिवशीच्या रावेर भावाचा फोटो, तारखेसह.
- व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक, असेल तर. जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये टाकला की नोंदणीचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. बोलतो ते नाव आणि तिथलं नाव वेगळं निघालं तर विचारा.
- एक वही. फोन झाल्याझाल्या तारीख, वेळ आणि ठरलेलं लिहायला.

1. पहिल्या फोनवर भाव काढू नका

हे मला आधी वेळ घालवणं वाटायचं. 2002 साली अमेरिकेत मायकेल मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या जोड्यांनी ईमेलवर सौदा करायचा होता. काही जोड्यांना आधी थोडा वेळ फोनवर नुसतं बोलू दिलं, सौद्याचा विषय सोडून. त्यांचे सौदे पुढे कमी अडले आणि वागणं जास्त सरळ राहिलं. न बोललेल्यांना समोरचा माणूस म्हणजे पडद्यावरचं एक नाव होतं, आणि नावाशी ताठ वागणं सोपं जातं.

म्हणून पहिला फोन पाच-दहा मिनिटांचाच करा. तुमच्याकडे थंडी किती, मंडीत गर्दी कशी, गाडी कुठून येते, एवढंच विचारा. याचा आणखी एक उपयोग आहे: तो कधी मोकळा असतो ते कळतं. माझा व्यापारी पहाटेपासून मंडीत आणि दुपारी झोपलेला. मी दुपारी दोनला ईमेल पाठवायचो आणि रात्रीपर्यंत उत्तर नाही म्हणून जळायचो. समोर बसलेला माणूस गप्प झाला तर आपण त्याच्याकडे बघतो. तो विचार करतोय की उठायच्या बेतात आहे ते कळतं. ईमेलवरचं मौन मात्र आपणच भरतो, आणि बहुतेक वेळा वाईट अर्थानेच भरतो.

2. फोनवर बोलायचे ते शब्द आधी लिहून काढा

फोनवर गडबड करणारे शब्द फार नाहीत, पण महाग पडतात. माझी यादी देतो.

‘भाव’ म्हटलं की विचारायचं: कुठला, कोणत्या दिवसाचा? रावेरचा की बऱ्हाणपूरचा? सौदा ठरला त्या दिवसाचा की कापणीच्या दिवसाचा? फरक धरून की सोडून? सौदा ते कापणी यात आठ दिवस गेले तर भाव कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि मग दोघांनाही आपल्या सोयीचा दिवस आठवतो. ‘भाव देख लेंगे’ हे त्याने समोर बसून म्हटलं असतं तर चेहऱ्यावरून अंदाज आला असता. फोनवर मी ते ‘वाढवून देऊ’ असं ऐकलं होतं. तो म्हणत होता, ‘त्या दिवशीच्या बाजारावर ठरवू’.

‘कल’ आणि ‘परसों’ जपून. ‘गाडी कल’ एवढंच ऐकू आलं आणि पुढचं क्रियापद तुटलं, तर गाडी काल निघाली की उद्या निघणार हे कळायला मार्ग नाही. नेहमी वार आणि तारीख सांगा.

हिंदी आकडे. ‘उनासी’ म्हणजे 79 आणि ‘नवासी’ म्हणजे 89. मोटरीच्या आवाजात, बागेत उभं राहून, दोन्ही एकच ऐकू येतात. मला एकदा दहा क्रेट कमी पडल्याचा साक्षात्कार असाच झाला. प्रत्येक आकडा सुटा करून परत म्हणा: ‘एक, पाँच, पाँच, शून्य’. पोरकट वाटतं, वाटू द्या.

‘माल अच्छा है’ याला काहीच अर्थ नाही. हिवाळ्यात तर मुळीच नाही. थंडी लागलेलं केळ बाहेरून हिरवंगार दिसतं आणि सालीच्या आतून तपकिरी रेषा धरतं. पिकल्यावर त्याला चमक येत नाही. बागेत आलेला व्यापारी साल थोडी खरवडून बघतो. फोटोत ते दिसत नाही. तेव्हा तुम्हीच साल खरवडून त्या जागेचा जवळून फोटो पाठवा, चांगला असो की वाईट. लपवलेलं दिल्लीत गाडी उघडल्यावर दिसतंच, आणि तेव्हा माल त्याच्या दारात असतो आणि तुम्ही यावलला.

3. फोन ठेवला की तासाभरात लिहून पाठवा

भरवसा आवाजाने बसतो, आकडे मात्र कागदावरच टिकतात. म्हणून बोलायचं फोनवर आणि ठरलेलं टाकायचं ईमेलवर. मी असा मजकूर पाठवतो, दिल्लीला पाठवताना हेच साध्या हिंदीत:

> रामराम. आज मंगळवार, सकाळी 11 ला फोनवर ठरलं ते असं.
> माल: नवती, अंदाजे 600 घड.
> भाव: 1,550 रुपये क्विंटल, पक्का. कापणीच्या दिवशी भाव बदलला तरी हाच.
> वजन: दांड्यासकट घडाचं, बागेतल्या काट्यावर, दोघांची माणसं समोर.
> कापणी: शुक्रवार सकाळी 7. मजूर आणि गाडी तुमची.
> पैसे: गाडी सुटण्याआधी निम्मे, बाकी सोमवारपर्यंत खात्यात.
> बरोबर असेल तर ‘मान्य’ एवढं लिहा. काही चुकलं असेल तर लिहू नका, फोन करा.

शेवटची ओळ मुद्दाम आहे. चूक दुरुस्त करायला माणूस लिहायला बसला की ते उत्तर वकिलाच्या नोटिशीसारखं वाटायला लागतं. फोनवर तीच गोष्ट ‘अहो, ते निम्मे नाही, तिसरा हिस्सा’ एवढ्यात संपते.

‘मान्य’ आल्याशिवाय कोयता लावू नका. उत्तर आलं नाही म्हणजे कबूल, असं कायदाही सहसा धरत नाही, आणि उतरवलेला घड परत झाडाला लागत नाही. इथेच खरी अडवणूक होते. घड झाडावर आहे तोवर तुम्ही दोन दिवस थांबू शकता. जमिनीवर आला की तुमची घाई सुरू होते, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

4. ‘हो’ कुणी, कुठून म्हटलं ते लक्षात ठेवा

हे वाचून कंटाळा येईल, पण आपल्या शेजारचीच गोष्ट आहे. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या एका गिरणीला फोन करून सरकी पेंड मागितली. गिरणीने फोनवरच होकार दिला आणि पुढे माल दिला नाही. खटला कुठे चालवायचा, खामगाव की अहमदाबाद, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1965 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की पत्राने होकार दिला तर करार पत्र टाकलं तिथे होतो, पण फोनवर होकार जिथे ऐकू आला तिथे होतो. अहमदाबादेत ऐकला, म्हणून करार अहमदाबादचा.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. दिल्लीवाल्याने भाव सांगितला आणि तुम्ही सावद्याहून ‘हो’ म्हणालात, तर करार दिल्लीत झाला असं धरलं जाऊ शकतं. भाव तुम्ही मांडलात आणि तो ‘हो’ म्हणाला, तर तो होकार तुम्ही जळगाव जिल्ह्यात ऐकला. वाद कुठे चालेल हे ठरवताना न्यायालय इतरही गोष्टी बघतं, माल कुठे दिला, पैसे कुठे द्यायचे वगैरे. तरी शेवटचा आकडा आपण मांडावा आणि ‘हो’ त्याला म्हणू द्यावं, ही सवय बरी.

ईमेलवर झालेला करार केवळ ईमेलवर झाला म्हणून रद्द ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ मध्ये तसं आहे. पण ते संदेश न्यायालयात दाखवायचे तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. म्हणून संदेश पुसू नका, आणि ते ज्या फोनवर आले तो फोन विकण्याआधी विचार करा. 18 हजारांसाठी कोर्टात जायचं की नाही, हे वकिलाला विचारण्याआधी घरी विचारा.

5. कुठली गोष्ट कशावर बोलायची ते ओळखा

मॉर्ले आणि स्टीफन्सन या इंग्लंडमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या सुमारास वाटाघाटींचे प्रयोग केले. एका बाजूला मुद्दाम भक्कम बाजू द्यायची, दुसरीला लंगडी. मग काही जणांना समोरासमोर बसवायचं आणि काहींना फक्त आवाजावर बोलू द्यायचं. भक्कम बाजूवाले आवाजावर जास्त जिंकले. समोरासमोर माणूस माणसाला बघतो, भीड पडते, दोघं मधे कुठेतरी येतात. फोनवर मुद्दा उरतो आणि माणूस मागे पडतो.

मी हे असं वापरतो. माझ्याकडे ‘मान्य’ आलेला ईमेल आहे, काट्याची पावती आहे, आणि समोरचा पैसे अडवतोय, तर मी फोन करतो. एकच मुद्दा सांगतो आणि थांबतो. उलट माझीच बाजू लंगडी असेल, म्हणजे मजूर न मिळाल्याने माझी कापणी दोन दिवस लांबली आणि त्याची गाडी उभी राहिली, तर फोनवर मी हरणारच. अशा वेळी गाडीजवळ त्याचा जो माणूस असेल त्याच्याकडे स्वतः जायचं, चेहरा दाखवायचा.

भिडेला दुसरी बाजूही आहे. एक व्यापारी पहिल्यांदा बाग बघायला आला. आईने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली, तो दोनदा मागून जेवला. आणि हात धुताधुता मीच 50 रुपये भाव सोडून बसलो! त्याने मागितलेसुद्धा नव्हते. पाहुण्याला नाही म्हणवत नाही, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. म्हणून समोरासमोर बसायच्या आधी सगळ्यात खालचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि वही खिशात ठेवा. तरी पहिल्या मोठ्या सौद्याआधी एक भेट कराच. भुसावळहून गाडी धरा किंवा त्याला बागेत बोलवा. त्या एका भेटीवर पुढचे कितीतरी फोन सुखाने चालतात.

6. राग आला की ईमेल लिहू नका

त्या 18,600 रुपयांकडे परत येतो. काट्यावर हिशेब कळला, गाडी गेली, आणि मी रात्री अकरा वाजता ईमेल लिहिला: ‘आपण ठरल्याप्रमाणे वागाल अशी अपेक्षा होती. धन्यवाद.’ मला वाटलं, किती सभ्य लिहिलंय. त्याने तो टोमणा म्हणून वाचला. सकाळी त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं: ‘नोटेड’. मी ते धमकी म्हणून वाचलं. तो फक्त ‘वाचलं’ एवढंच म्हणत होता, हे नंतर कळलं.

असं का होतं यावर 2005 साली जस्टिन क्रूगर आणि निकोलस एपली यांच्या गटाने प्रयोग केला. लोकांनी काही वाक्यं खरी आणि काही टोमण्याने सांगायची, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. सांगणाऱ्यांना वाटत होतं की शंभरातली 78 ओळखली जातील, फोनवर काय नि ईमेलवर काय. प्रत्यक्षात आवाजावर 73 ओळखली गेली. ईमेलवर 56. नाणं उडवलं तरी 50 येतात. लिहिणारा लिहिताना स्वतःचा आवाज ऐकत असतो, म्हणून त्याला सगळं स्पष्ट वाटतं. वाचणारा तेच शब्द त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीत वाचतो.

मी दुसरा ईमेल लिहायला बसलो, यावेळी तारखा आणि आकड्यांसह. वडील मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “त्याले फोन लाव ना भाऊ. लिखापढी कायले करतो?”

फोन त्यांनीच लावला. आधी थंडीचं बोलले, मग त्याच्या मुलाच्या परीक्षेचं. मग विचारलं, तुमच्याकडे दांड्याचं कसं धरतात? त्याने सांगितलं. वडिलांनी आमच्याकडचं सांगितलं. सात मिनिटांत दांडा अर्धा-अर्धा झाला. 9,300 रुपये तिसऱ्या दिवशी खात्यात आले.

यातून मी ठरवलेली कामाची रीत अशी: तक्रार आली की आधी फोन, आणि पहिलं वाक्य प्रश्नाचं. ‘तुम्ही असं का केलं?’ असं न विचारता ‘तुमच्याकडे हे कसं धरतात?’ असं विचारायचं. तोडगा निघाला की तोच लगेच तीन ओळींत ईमेलवर. फोन तीन वेळा उचलला नाही तर घाई करू नका, त्याची झोपेची वेळ आठवा. दोन दिवस लागलाच नाही, तर मात्र लिहा. फक्त आकडे, तारीख आणि पावतीचा फोटो, विशेषणं नकोत. ‘अपेक्षा होती’, ‘खेद वाटला’, ‘कृपया नोंद घ्यावी’ असले शब्द काढून टाका. आणि पाठवण्याआधी तो मजकूर घरात ज्याला केळीतलं काही कळत नाही त्याला मोठ्याने वाचायला लावा. त्याच्या तोंडून तो भांडखोर वाटला, तर दिल्लीत त्याहून जास्त वाटणार.

त्या व्यापाऱ्याला मी अजून माल देतो. आता फोन उचलल्यावर रामरामच्याही आधी तोच विचारतो, “डंडा समेत, कि बिना?”